ट्रॉली दुभती आहे की नुसतीच मोठी?

वाचकाचे पत्र

"यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी आमचा लोखंडकामाचा कारखाना आहे. उलाढाल साधारण ५ कोटी. पाच प्रकारचा माल निघतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या वर्षाला ९०, म्हणजे जवळपास २ कोटी. कापसातली सरकी काढणाऱ्या डबल रोलर जिनचे सुटे भाग १ कोटी ६० लाख. मिनी डाळ मिल ३०. पऱ्हाटी कुटायचे श्रेडर २४. आणि बैलांची अवजारे ४० लाखांची. मी वाढ-हिस्सा तक्ता मांडला, म्हणजे उभ्या रेषेवर बाजाराची वाढ, आडव्या रेषेवर आपला हिस्सा आणि प्रत्येक माल एक गोल. ट्रॉली सर्वात मोठी म्हणून दुभती गाय. जिनिंगच्या भागात वाढ नाही आणि बाजारातला हिस्सा फक्त १८ टक्के, म्हणून ते कुत्र्याच्या चौकोनात. श्रेडरचा बाजार दोन वर्षांत तिप्पट झाला, म्हणून तो तारा. डाळ मिल प्रश्नचिन्ह. बैलांची अवजारे तर सीएच्या हिशेबाने दीड लाख तोट्यात आहेत. माझा विचार असा, की अवजारे बंद करावीत, जिनिंगचा लेथ विभाग विकून टाकावा आणि ४५ लाख श्रेडरमध्ये घालावेत. बाबा म्हणतात, जिनिंगवरच घर चालते, आणि ट्रॉलीला हात लावायचा नाही. तीन वर्षांचे हिशेब सोबत पाठवत आहे. माझे काय चुकते आहे का?"

उत्तर

सप्रेम नमस्कार,

लेथ विभागाला गिऱ्हाईक शोधत असाल, तर ते आज थांबवा. तुमच्या तक्त्यातली सर्वात महागात पडणारी चूक तिथेच आहे, आणि ती समजली की बाकीच्या चार गोलांच्या जागाही हलतात.

बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपच्या ब्रूस हेंडरसन यांनी १९७० मध्ये हा तक्ता लोकांसमोर ठेवला, तेव्हा त्याच्या आडव्या रेषेवर नुसता हिस्सा नव्हता, सापेक्ष हिस्सा होता. आपला हिस्सा भागिले सर्वात मोठ्या प्रतिस्पर्ध्याचा हिस्सा. यामागचे कारण खर्चाचे आहे. त्याच गटाने अनेक उद्योगांत पाहिले होते, की एखादी वस्तू आजवर एकूण जितकी बनवली ती संख्या दुप्पट झाली, की महागाई वगळता नगामागचा खर्च साधारण २० ते ३० टक्क्यांनी उतरू शकतो. म्हणजे जो सर्वात जास्त बनवतो त्याचा खर्च सर्वात कमी, आणि एकाच बाजारभावात त्याच्या हाती सर्वात जास्त पैसा उरतो. आपण १८ टक्क्यांवर आहोत एवढ्याने काहीच कळत नाही. समोरचा ४० टक्क्यांवर असेल तर आपण मागे. समोरचा ११ टक्क्यांवर असेल तर आपणच पुढे.

तुमच्या जिनिंगच्या बाबतीत नेमके दुसरे घडते आहे. तुमच्या कागदांवरून दिसते, की तुम्ही ज्या भागात माल देता तिथे सुमारे १५० जिनिंग आहेत, सरासरी २४ मशीन धरल्या तर ३,६०० मशीन, आणि एका मशीनला हंगामात रोलर, चाकू व इतर भागांसाठी २५ हजारांचा खर्च. बाजार झाला ९ कोटींचा. तुमचे १ कोटी ६० लाख म्हणजे १८ टक्के, हे बरोबर काढलेत. पण तुमच्याच यादीतला सर्वात मोठा प्रतिस्पर्धी ९८ लाखांवर आहे. तुमचा सापेक्ष हिस्सा १.६ झाला. मधली रेघ १ वर असते. वाढ दोन टक्के, हिस्सा रेघेच्या वर, म्हणजे ही दुभती गाय आहे, आणि बाबा बरोबर बोलत आहेत.

इथे एक सोय लक्षात घ्या, कारण आपल्याकडे तालुका पातळीवरच्या बाजाराचे छापील आकडे मिळत नाहीत. सापेक्ष हिस्सा काढायला एकूण बाजार माहीत असण्याची गरजच नाही. तुमची विक्री आणि समोरच्याची विक्री, एवढ्या दोन संख्या पुरतात. समोरच्याची विक्री कळते ती त्याला माल पुरवणाऱ्याकडून, त्याचा माल नेणाऱ्या ट्रान्सपोर्टवाल्याकडून, त्याच्याकडे किती लेथ किती पाळ्यांत चालतात यावरून. तीन बाजूंनी अंदाज घ्या आणि मधला धरा. अंदाज २० टक्क्यांनी चुकला तरी जिनिंगमध्ये तुम्ही १.३ वर याल किंवा २ वर जाल, चौकोन बदलणार नाही. डाळ मिलचे मात्र तसे नाही. तुमच्या ३०, समोरच्याच्या २६, म्हणजे १.१५. त्याने प्रत्यक्षात ३२ विकल्या असतील तर तुम्ही ०.९४ वर, रेघेच्या खाली. म्हणून प्रतिस्पर्ध्याची माहिती काढण्यात जी पायपीट करायची ती डाळ मिलसाठी करा, जिनिंगसाठी नाही.

आता ट्रॉली. तक्त्यात तुम्ही गोलाचा आकार आणि गोलाची जागा यांची गल्लत केली आहे. उलाढाल मोठी असली की गोल मोठा काढायचा असतो. तो डावीकडे की उजवीकडे हे उलाढाल ठरवत नाही. त्यासाठी आधी ट्रॉलीचा बाजार कुठवर, हे ठरवायला हवे. यासाठी एक साधी कसोटी आहे: ज्याच्या भावामुळे तुम्हाला आपला भाव कमी करावा लागतो, तो तुमच्या बाजारात आहे. नगरचा किंवा पुण्याचा मोठा ट्रॉली कारखाना तुमच्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यासमोर नसतो. असतो तो पुसद, आर्णी, दारव्हा रस्त्यावरचा वेल्डिंगवाला. ट्रॉली बिघडली की तो जवळ लागतो, म्हणून माणूस ६०-७० किलोमीटरच्या पुढे जात नाही. तेवढ्या टापूत तुमच्या अंदाजाने वर्षाला ५०० ट्रॉल्या खपतात, तुमच्या ९०, सर्वात मोठ्याच्या १५०. सापेक्ष हिस्सा ०.६, वाढ नगांमध्ये तीन-चार टक्के. खरा कुत्र्याचा चौकोन हा आहे. हा शब्द बाबांपुढे वापरू नका. अमेरिकेतून आलेले हे नाव आहे, ज्या मालावर त्यांनी कारखाना उभा केला त्याला ते शोभत नाही, आणि नावावरून निर्णय घ्यायचाही नसतो.

निर्णय घ्यायचा असतो हाती सुटणाऱ्या पैशावरून. तक्ता सांगतो की पैसा कुठून यायला हवा. तो खरेच येतो का हे वहीत पाहावे लागते. ट्रॉलीत १ कोटी ९८ लाखांच्या विक्रीतून चॅनल, पत्रा, अ‍ॅक्सल, टायर, जॅक यांचे १ कोटी ४३ लाख जातात, मजुरी-रंगकामाचे २२ आणि कमिशन-भाड्याचे ५. सुटतात २८ लाख. दिसायला चांगले. पण डीलरकडे ७५ दिवसांची उधारी आणि आवारात ४५ दिवसांचे लोखंड, मिळून १२० दिवसांची विक्री अडकलेली, म्हणजे ६५ लाख. पैसा बँकेचा असो की घरचा, ११ टक्के धरला तर ७ लाख त्याचे. केवळ ट्रॉलीसाठी लागणारे आवार, क्रेन आणि दोन माणसे यांचे ९ लाख. उरले १२. तिकडे जिनिंगमध्ये १ कोटी ६० लाखांवर ६४ लाख सुटतात, स्वतःचा खर्च १५, आणि अडकलेल्या ४० लाखांचे व्याज ४ लाख धरून ४५ लाख उरतात. मोठ्या गोलातून १२ आणि धाकट्या गोलातून ४५. तुम्ही तो धाकटा विकायला निघाला होतात.

बैलांच्या अवजारांकडे वळण्याआधी सीएच्या दीड लाखाच्या तोट्याचे काय ते पाहू, कारण असा 'तोटा' पाहून चालता माल बंद करणारे अनेक कारखाने आहेत. ४० लाखांत लोखंड-लाकूड २० लाख, मजुरी ७, भाडे-कमिशन २. सुटतात ११ लाख. सीएंनी त्यावर साडेबारा लाख वरकड खर्च टाकला, म्हणून दीड लाख उणे. हा साडेबारा लाखांचा बोजा त्यांनी बिलांच्या संख्येवरून वाटला आहे. डवरा, वखर, तिफण यांची बिले लहान आणि पुष्कळ, म्हणून ऑफिसचा, वीजमीटरचा, चौकीदाराचा खर्च त्यांच्याच डोक्यावर जास्त आला. हिशेब म्हणून यात खोटे काही नाही, पण बंद करायचे की नाही या प्रश्नाला तो चालत नाही. प्रश्न विचारा: उद्या अवजारे बंद केली तर यातले नेमके काय वाचेल? चौकीदार राहील, ऑफिस राहील, वीजमीटर राहील. वाचेल ते भाड्याचे गोदाम आणि एक मदतनीस, अडीच लाख. अडकलेले ९ लाख मोकळे होतील, त्याचे व्याज १ लाख धरा. म्हणजे ११ लाख सुटतात आणि साडेतीन लाख वाचतात. बंद केल्याने दरवर्षी साडेसात लाख जातील, आणि बदल्यात ९ लाख एकदाच मिळतील.

शिवाय एक गोष्ट कागदावर दिसत नाही. अवजारे तुम्ही फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये बनवता. जिनिंगच्या भागांची मागणी तेव्हा उतरलेली असते आणि ओव्हरहॉलिंगचे काम ऑगस्ट-सप्टेंबरशिवाय येत नाही. हाच वेल्डर त्या तीन महिन्यांत रिकामा ठेवला, तर पावसाळ्यात तो परत येईल याची खात्री नाही. एका मालाचा मजूर दुसऱ्या मालावर जगतो, हे तक्त्यात मांडायला जागाच नाही. तक्ता प्रत्येक गोल सुटा समजतो.

तरीही या अवजारांत नवा पैसा घालायचा नाही. गावोगाव बैलजोड्या कमी होत चालल्या आहेत आणि तुमचा खप नगांमध्ये दरवर्षी आठ टक्क्यांनी घटतो आहे. अशा मालाची कापणी करायची असते. त्याची रीत अशी. तुमच्याकडे ३१ नमुने आहेत, त्यातले आठ विक्रीचा मोठा भाग देतात. बाकीचे वेगळी ऑर्डर आणि पूर्ण आगाऊ रक्कम आली तरच करा. भाव आठ टक्के वाढवा, कारण या बाजारातून बनवणारेही बाहेर पडत आहेत आणि जो डवरा घेतो तो दहा वर्षे वापरणार असतो. उधारी बंद. नवी डाय नाही, नवा रंग नाही, जाहिरात नाही. पोळ्यानंतर जो माल उरेल तो कमी भावात काढा, पुढच्या मृगापर्यंत गोदामात ठेवू नका. आणि थांबायचे कधी हे आजच लिहून ठेवा. १०० रुपयांच्या विक्रीमागे तुम्हाला साडेसत्तावीस रुपये सुटतात आणि बंद केल्यास वाचतील साडेतीन लाख. विक्री १३ लाखांवर आली की दोन्ही बाजू सारख्या होतात. थोडी सावध रेघ धरून १८ लाखांवर विक्री उतरली त्या हंगामानंतर बंद करा. कापणीत सर्वात जास्त घडणारी चूक ही, की भाव वाढवायचा धीर होत नाही आणि दर्जा मात्र गुपचूप उतरवला जातो. डवऱ्याच्या पासेचे पोलाद हलके वापरले की ती एकाच हंगामात बोथट होते, आणि तोच शेतकरी उद्या डाळ मिल पाहायला येणार असतो.

कापणी म्हणजे दूध काढणे नव्हे, हेही बोलून ठेवतो. जिनिंगची गाय दुभती ठेवायची आहे, तिला वैरण लागेल. रोलरच्या चामडी चकत्या, चाकूचे पाणी, लेथची दुरुस्ती, हंगामात रात्री फोन उचलणारा माणूस, यात काटकसर केली तर हिस्सा १.६ वरून वर्षा-दोन वर्षांत खाली येतो, आणि जिनिंगवाला एकदा दुसऱ्याकडे गेला की मशीनमागे २५ हजार घेऊन जातो. लेथच्या दुरुस्तीला तुम्ही ३ लाखांचा अंदाज दिला आहे. ते पहिल्यांदा बाजूला काढा.

आता श्रेडर. दोन वर्षांत बाजार ६० वरून २०० वर गेला, हे खरे आहे, आणि मागणीला खरी कारणेही आहेत. पऱ्हाटी उपटायला मजूर मिळत नाही आणि गुलाबी बोंडअळीसाठी हंगामानंतर पऱ्हाटी वावरात उभी ठेवू नये असे कृषी खाते सांगते. तरी तो तारा नाही. सर्वात मोठ्याने ७० विकले, तुम्ही २४, सापेक्ष हिस्सा ०.३४. जास्त वाढ आणि कमी हिस्सा, म्हणजे प्रश्नचिन्ह. तारा म्हणायला वाढीबरोबर आघाडी लागते.

वाढही तपासून घ्या. तुमच्या २४ पैकी १९ श्रेडर महाडीबीटीवर निवड झालेल्या शेतकऱ्यांनी अनुदानावर घेतले. अनुदानाने वाढलेली मागणी अंदाजपत्रकाबरोबर वाढते आणि अंदाजपत्रकाबरोबर थांबते. यंदा किती नावांची निवड होईल यावर तुमचा कारखाना बांधता येत नाही. शिवाय अनुदानासाठी यंत्राचा मान्यताप्राप्त केंद्राचा तपासणी अहवाल लागतो, आणि तो त्या मॉडेलचा असतो. रचना बदलली की पुन्हा तपासणी. अनुदान शेतकऱ्याच्या खात्यात जमा होईपर्यंत डीलर पैसे देत नाही, म्हणजे वाढणाऱ्या प्रत्येक श्रेडरबरोबर उधारीही वाढते. म्हणून वाढीची रेघ काढताना दोन आकडे वेगळे मांडा: अनुदानाशिवाय खपलेले नग किती आणि अनुदानाने किती. आणि वाढ रुपयांत मोजू नका, नगांत मोजा. लोखंड महागून ट्रॉलीचा भाव १२ टक्क्यांनी चढला त्या वर्षी एकही ट्रॉली जास्त न विकता तुमची वाढ १२ टक्के दिसेल, आणि पुस्तकात दिलेली १० टक्क्यांची रेघ ओलांडलीत असे वाटेल. एकाच वर्षावरही जाऊ नका. पाऊस चांगला आणि कापसाला भाव, असे वर्ष आले की सगळेच गोल वर चढतात. तीन वर्षांची सरासरी घ्या.

मग पैसा कुठे घालायचा? आधी तो किती आहे ते मोजू. जिनिंगचे ४५, अवजारांचे साडेसात. ट्रॉली पूर्ण बंद करा असे मी म्हणत नाही, पण डीलरच्या उधारीवर ती चालवू नका. ४० टक्के आगाऊ रकमेशिवाय चॅनल कापायचा नाही, दोनच मापे ठेवायची, डीलरला उधार नाही. असे केले की खप ९० वरून ५० च्या आसपास येईल असे धरू. ट्रॉलीमागे ३१ हजार सुटतात, म्हणजे साडेपंधरा लाख. १ कोटी १० लाखांच्या विक्रीत अडकणारा पैसा ५० दिवसांचा, १५ लाख. स्वतःचा खर्च ९ वरून ५ वर आणता येईल, कारण दुसरा माणूस आणि क्रेनचा मोठा वापर लागणार नाही. व्याज वजा जाता हाती ९ लाखांच्या जवळ. म्हणजे वर्षाला ३ लाखांचे नुकसान सोसून ५० लाख मोकळे होतात.

इथे पुष्कळांचा हिशेब चुकतो. हे ५० लाख तुमच्या खिशात येत नाहीत. तुमच्या कॅश क्रेडिटवर बँक साठा आणि येणी यांच्या ७५ टक्के रक्कम वापरू देते. साठा आणि येणी घटली की ड्रॉइंग पॉवरही घटते. ५० लाखांतले साडेसदतीस लाख कॅश क्रेडिट कमी करण्यात जातील, तुमचे मोकळे होतील साडेबारा लाख. त्यात ९० दिवसांपेक्षा जुनी येणी असतील तर ती बँकेने आधीच धरलेली नसतात, तेवढी वसुली मात्र पूर्ण तुमची. म्हणून वसुलीची सुरुवात जुन्या डीलरपासून करा. मॅनेजरला हे आधी सांगून ठेवा. महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये आकडा अचानक खाली आला, तर मर्यादाच कमी करायची चर्चा सुरू होते, आणि डाळ मिलचा साठा वाढवायची वेळ येईल तेव्हा ती मर्यादा तुम्हाला लागणार आहे.

४५, साडेसात आणि ९, मिळून साडेएकसष्ट लाख. घरखर्च धरून समाईक वरकड खर्च ३८ लाख, मुदत कर्जाचे हप्ते ८. उरले साडेपंधरा. त्यात ट्रॉलीतून एकदाच येणारे साडेबारा मिळवले की २८ लाख. डाळ मिल आणि श्रेडर आज जे कमावतात ते त्यांच्याच साठ्यात आणि प्रात्यक्षिकांत संपते, म्हणून ते धरले नाही. २८ लाखांत ४५ लाखांचा श्रेडर बसत नाही, आणि श्रेडर अर्धा व डाळ मिल अर्धी असे वाटून दिले तर श्रेडरमध्ये तुम्ही मागेच राहाल आणि डाळ मिलमधली थोडी आघाडीही जाईल. वाढत्या बाजारात थोडा थोडा पैसा सगळ्यांना देणे, हा या तक्त्याचा सर्वात वाईट उपयोग आहे.

माझा कौल डाळ मिलला, २० लाख. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने मिनी डाळ मिल विदर्भात रुजवली, त्यामुळे यंत्र काय करते हे गिऱ्हाइकाला समजावून सांगावे लागत नाही. लहान उद्योजकांना प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतून ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान मिळत आले आहे, पण तुमच्या ३० पैकी १७ मिल अनुदानाशिवाय गेल्या आहेत. नगांमध्ये वाढ १४ टक्के. आणि आघाडी थोडी असली तरी तुमची आहे. वाढत्या बाजारात हिस्सा घेणे स्वस्त पडते, कारण नव्या गिऱ्हाइकाने अजून कोणालाच धरलेले नसते. बाजार थंडावला की तोच हिस्सा भाव पाडून घ्यावा लागतो.

पण २० लाख नव्या शेडमध्ये घालू नका. डाळ मिलचे गिऱ्हाईक कुठे अडते ते पाहा. तूर जानेवारी-फेब्रुवारीत घरी येते आणि पुढचे तीन महिने मिलचे दिवस असतात. नेमके त्याच दिवसांत रोलरवरचा एमरीचा थर झिजतो. थर झिजला की साल नीट निघत नाही, दाणा पुन्हा पुन्हा फिरवावा लागतो, चुरी वाढते, आणि डाळीचा उतारा पडला की गावकरी तूर दुसऱ्या मिलवर नेतात. आज तुमचा रोलर पुन्हा थर चढवायला बाहेर जातो आणि यायला दहा-बारा दिवस लागतात, असे तुम्हीच लिहिले आहे. थर चढवण्याची सोय कारखान्यातच करा, आणि १५-२० रोलर तयार ठेवा. गिऱ्हाइकाने झिजलेला आणायचा, तयार घेऊन जायचा, फरकाचे पैसे द्यायचे. एक मेकॅनिक आणि दुचाकी केवळ याच कामाला. यातून दरवर्षी परत येणारे काम मिळते, आणि समोरच्याची मिल घेतलेला माणूसही रोलरसाठी तुमच्याकडे येऊ लागतो. पुढची मिल तो कोणाची घेईल हे तिथेच ठरते. दोन हंगामांत सापेक्ष हिस्सा १.१५ वरून १.५ कडे सरकला तर पैसा योग्य जागी गेला. १ च्या खाली गेला तर तिसऱ्या हंगामाचा पैसा अडवा.

उरलेल्या ८ लाखांतले ३ लेथचे. ५ लाख श्रेडरच्या एका हंगामाला द्या, त्यापुढे एक रुपया नाही. जानेवारी ते मार्च ही त्याची परीक्षा. अनुदानाशिवाय १२ श्रेडर रोखीने गेले आणि सर्वात मोठ्याच्या निम्म्यापर्यंत पोचलात, तर पुढच्या वर्षी पुन्हा बोलू. नाही गेले तर पूर्ण श्रेडर बनवणे सोडा आणि फक्त पाती करा. माती आणि गोटे लागून ही पाती भराभर झिजतात, कोणाच्याही श्रेडरला लागतात, आणि जिनिंगच्या चाकूला पाणी देण्याची तुमच्याकडची भट्टी आणि हात त्याच कामाचे आहेत. तिथे तुम्ही ०.३४ वर नसाल.

सोडलेल्या मालाची जबाबदारी मात्र लगेच सुटत नाही. विकलेल्या २४ श्रेडरचे सुटे भाग आणि वॉरंटीची मुदत संपेपर्यंतची दुरुस्ती, तसेच ज्या ट्रॉली डीलरांची उधारी तोडणार आहात त्यांच्याकडचा न विकलेला माल, याची आधी मोजदाद करा. डीलरला पत्र पाठवण्यापूर्वी त्याच्याकडची येणी वसूल करा. उलट क्रमाने गेलात तर पैसे अडकतात. डीलरला पुढचा माल मिळायचा असतो तोवरच तो मागचे देतो.

बाबांशी बोलताना तक्ता नंतर दाखवा. आधी एका पानावर दोनच ओळी लिहून न्या: ट्रॉलीत अडकलेले ६५ लाख आणि त्यातून उरणारे १२, जिनिंगमध्ये अडकलेले ४० आणि त्यातून उरणारे ४५. जिनिंगबद्दल ते बरोबर होते हे आधी मान्य करा. ट्रॉली बंद होत नाही, फक्त उधारी बंद होते, हेही त्याच वेळी सांगा. आणि वसुलीला त्यांना सोबत घेऊन जा. ज्या डीलरांनी त्यांच्या शब्दावर माल नेला, ते पैसे तुमच्या पत्रापेक्षा त्यांच्या समोर बसण्याने लवकर देतील.